खालची पापणी सतत फडफडते आहे: नुसता थकवा की डोळे तपासायला हवेत?

सायंतारा
डाव्या डोळ्याची खालची पापणी फडफडते आहे. महिना होत आला असेल. दुखत नाही, दिसायलाही काही त्रास नाही. पण काम करता करता अचानक पापणीच्या कडेला बारीक थरथर सुरू होते, दहा-वीस सेकंद चालते, थांबते आणि थोड्या वेळाने पुन्हा. कधी दिवसभर काही नाही, कधी तासाभरात चार-पाच वेळा. मला वाटतं समोरच्या माणसाला ती दिसत असणार, पण घरच्यांना विचारलं तर ते म्हणतात की अगदी जवळून बघितल्यावरच कळतं.

भाषांतराचं काम आहे आणि सध्या एक मोठं पुस्तक संपवायचं आहे. झोप पाच तासांच्या आसपास. कॉफी नेहमीपेक्षा जास्त होते आहे. थकव्याने होतं असं सगळेच सांगतात, पण एवढे दिवस? डॉक्टरकडे जावं अशी वेळ नेमकी कधी येते? आणि जायचं तर डोळ्यांच्या की नसांच्या?

खटपट्या
हे मॅग्नेशियम कमी पडल्याने होतं. माझंही होत होतं, गोळ्या सुरू केल्या आणि दोन आठवड्यांत बंद झालं. सोबत बी-१२ पण तपासून घ्या. स्नायूंना मॅग्नेशियम लागतंच, ते कमी झालं की स्नायू फडफडतात, साधी गोष्ट आहे.

रेवा_आई
माझा मुलगा सात वर्षांचा आहे, तोही हल्ली सारखे डोळे मिचकावतो. दोन्ही डोळे, घट्ट. टीव्ही बघताना जास्त. मी ओरडले की थोडा वेळ थांबतो आणि मग परत. त्यालाही मॅग्नेशियम द्यावं का? कॉफी तर तो पीत नाही.

तिरकस_किरण
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, अशा तक्रारी घेऊन बरेच जण येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी रेवा_आई, तुमच्या मुलाचा प्रश्न वेगळा आहे. दोन्ही डोळे पूर्ण मिटून उघडणं म्हणजे पापणीची फडफड नव्हे. लहान मुलांमध्ये यामागे बहुतेक वेळा ॲलर्जी, डोळ्यांचा कोरडेपणा, चष्म्याचा नंबर किंवा टिक म्हणतात ती सवय असते. ओरडू नका. टिक असेल तर तिच्याकडे लक्ष वेधल्याने ती वाढते. त्याला मॅग्नेशियम देऊ नका, एकदा नेत्रतज्ज्ञांना दाखवा. नंबर बघतील, पापण्या उलटून आतली बाजू बघतील. एवढ्याने बऱ्याच मुलांचं कारण सापडतं.

आता सायंतारा. तुम्ही वर्णन केलंय ते पापणीच्या साध्या फडफडीचं अगदी नेहमीचं चित्र आहे: एकच डोळा, बहुतेकदा खालचीच पापणी, बारीक लहरीसारखी हालचाल, डोळा मिटत नाही, आणि दुसऱ्याला जेमतेम दिसते. डोळ्याभोवती एक गोल स्नायू असतो, त्याच्यामुळे आपण डोळा मिटतो. चेहऱ्याच्या नसेचे बारीक तंतू त्याला चालवतात. त्यातले एक-दोन तंतू आपणहून संदेश सोडायला लागतात आणि त्यांच्या ताब्यातला स्नायूचा एक लहानसा पट्टा थरथरतो. इथली त्वचा शरीरात सगळ्यात पातळ असते, म्हणून तेवढ्याशा हालचालीचीही जाणीव तुम्हाला फार मोठी होते.

हे आठवडेच नव्हे, कधी कधी दोन-तीन महिनेही येत-जात राहतं. त्यामुळे फक्त महिना झाला म्हणून घाबरू नका. पण काही आठवडे होऊनही थांबत नसेल तर एकदा डोळे तपासून घ्यावेत असं मी सांगेन. घाई नाही, पण टाळूही नका. आधी नेत्रतज्ज्ञ. नसांच्या डॉक्टरांची गरज वाटली तर तेच पुढे पाठवतील.

कॉफीबद्दल मला नीट सांगा. दिवसभरात काय काय पोटात जातं, किती वाजता. नुसतं ‘जास्त’ नको.

खटपट्या
म्हणजे मॅग्नेशियमचा काही संबंध नाही म्हणता?

तिरकस_किरण
खटपट्या, तुमचं अर्धं बरोबर आहे. रक्तातलं मॅग्नेशियम खरंच खूप खाली गेलं तर स्नायू फडफडतात. पण तेव्हा ते फक्त एका पापणीत राहत नाही. हातापायांत पेटके येतात, अशक्तपणा असतो, आणि असे लोक बहुतेक आधीपासून कशानं तरी आजारी असतात: दीर्घकाळचे जुलाब, लघवी वाढवणारी काही औषधं, दारूचं व्यसन. धडधाकट माणसाच्या एका पापणीसाठी मॅग्नेशियम उपयोगी पडतं याचा चांगला पुरावा माझ्या पाहण्यात नाही. तुमची फडफड दोन आठवड्यांत थांबली, पण गोळ्या न घेताही ती तेवढ्याच वेळात थांबू शकते, हाच यातला घोळ आहे. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये.

खटपट्या
मान्य, पण मला फरक पडला हेही खरं आहे. गोळ्या सुरू करण्याआधी बरेच दिवस चालू होतं.

सायंतारा
कॉफीचा हिशेब: सकाळी उठल्यावर एक मोठा मग, अकराच्या सुमाराला दुसरा. दुपारी जेवणानंतर एक कोलाचा कॅन. पाच-सहा वाजता पुन्हा मगभर कॉफी, तीच खरी जागवते. रात्री नऊला चहा. आणि डोकं दुखतं म्हणून अधूनमधून एक गोळी घेते. दोनच्या सुमाराला झोपते.

तिरकस_किरण
त्या गोळीच्या पाकिटावरची घटकद्रव्यं वाचा. डोकेदुखीच्या आणि सर्दीच्या काही गोळ्यांमध्ये कॅफीन घातलेलं असतं. अनेकांच्या हिशेबात ते धरलेलंच नसतं.

ढोबळ गणित असं: घरगुती कॉफीचा मोठा मग १०० ते १५० मिलीग्रॅम धरा, कडकपणावर अवलंबून. तीन मग म्हणजे ४०० च्या आसपास. कोलाचे ३०-४०, चहाचे ४०-५०. गोळी धरली तर ५०० च्या पुढे जाता. निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० पर्यंत ठीक मानतात, गरोदरपणात २००.

पण मला आकड्यापेक्षा संध्याकाळचा मग जास्त खटकतो. कॅफीन शरीरातून अर्धं व्हायला साधारण पाच तास लागतात. सहाला १५० घेतलं तर अकराला ७५ उरतं, पहाटे चारला ३५-४०. वर नऊचा चहा आहेच. त्यामुळे दोनला डोळा लागला तरी झोप उथळ राहते, सकाळी आणखी मरगळ, म्हणून पुन्हा मोठा मग. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर कॅफीन उतरायला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो, तेही लक्षात घ्या. माझ्या मते तुमच्या पापणीला कॉफी थेट जेवढी त्रास देत असेल, त्याहून जास्त झोपेवाटे देते आहे. मात्र कॅफीन आणि पापणी यांचा संबंध हा बराचसा रुग्णांच्या अनुभवावर उभा आहे. भक्कम अभ्यास थोडे आहेत. काही लोक दिवसभर कॉफी पितात आणि त्यांची पापणी हलतही नाही.

एक करू नका: उद्यापासून एकदम बंद. बारा ते चोवीस तासांत डोकं ठणकायला लागतं, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त, आणि आठवडाभरही चालू शकतं. मग तुम्ही तीच कॅफीनची गोळी घ्याल. आधी संध्याकाळचा मग आणि रात्रीचा चहा काढा, चार-पाच दिवस तसंच राहू द्या. मग कोला. मग दुसरा मग अर्धा करा. दुपारी एकनंतर काही नाही.

मावळतीवारा
तिरकस_किरण यांनी सांगितलेलं सगळं पटतं, पण आमच्या घरातला अनुभव सांगितलाच पाहिजे, कारण तिथे सुरुवात अगदी अशीच झाली होती. माझ्या आत्याची डाव्या डोळ्याची खालची पापणी फडफडायची. सगळे म्हणाले थकवा, ताण, झोप घे. तिने घेतली. काही महिन्यांनी पापणीबरोबर गालही ओढला जाऊ लागला, मग ओठाचा कोपरा. डोळा आपोआप मिटायचा. लोकांना वाटायचं ती डोळा मारते आहे, म्हणून तिने चारचौघांत जाणंच कमी केलं. शेवटी एमआरआय झाला. मेंदूतून चेहऱ्याची नस जिथे बाहेर पडते तिथे एका रक्तवाहिनीचा तिच्यावर दाब पडत होता. आता दर तीन-चार महिन्यांनी बोटुलिनमची इंजेक्शनं घेते, छान आहे. ऑपरेशनचाही पर्याय सांगितला होता, तिने नको म्हटलं.

तेव्हा सायंतारा, मी तरी लगेच एमआरआय करून घेतला असता.

सायंतारा
हे वाचून पोटात गोळा आला. मला कसं कळणार की माझं तसं नाही?

तिरकस_किरण
मावळतीवारा, तुमच्या आत्याबद्दल लिहिलंत हे फार बरं केलंत. तो चेहऱ्याच्या अर्ध्या भागाचा झटका आहे, आणि त्याची सुरुवात खरंच बहुतेकदा डोळ्याजवळूनच होते. पण त्यासाठी प्रत्येक फडफडणाऱ्या पापणीचा एमआरआय नको. फरक ओळखता येतो, आणि बराचसा घरच्या घरी.

सायंतारा, फडफड सुरू झाली की फोनने पूर्ण चेहऱ्याचा व्हिडिओ घ्या, नुसत्या डोळ्याचा नको. अर्धा-एक मिनिट पुरे. त्यात दोन-तीन वेळा डोळे घट्ट मिटून उघडा, दात दाखवून हसा, गाल फुगवा. मग शांतपणे पाहा. पापणी हलते त्याच क्षणी त्याच बाजूचा ओठाचा कोपरा किंवा हनुवटी किंचित ओढली जाते का? साध्या फडफडीत जात नाही. तिथे ताल एकच असेल, पापणी आणि ओठ एकाच वेळी उडत असतील, तर नसेचं प्रकरण आहे आणि दाखवायला हवं.

दुसरी खूण भुवईची. आपण स्वतः डोळा घट्ट मिटतो तेव्हा भुवई खाली येते. अर्ध्या चेहऱ्याच्या झटक्यात डोळा मिटत असतानाच त्या बाजूची भुवई वर जाते. आरशासमोर करून बघा, मुद्दाम असं करणं जवळजवळ अशक्य आहे. म्हणूनच ही खूण दिसली की डॉक्टर तिला महत्त्व देतात. ती सगळ्यांमध्ये नसते, पण असली तर बोलकी असते. तिसरी: झोपेतही हलतं का, हे घरच्यांना बघायला सांगा. तो झटका झोपेतही चालू राहू शकतो.

पूर्वी कधी चेहऱ्याचा लकवा होऊन गेला असेल तर हिशेब बदलतो. तेव्हा नस परत वाढताना तंतूंची सरमिसळ होते आणि डोळा मिटला की ओठ ओढला जातो. तसं असेल तर आधीच सांगा.

जुनाट_चष्मा
माझं वय एकसष्ट. मला फडफड नाही, पण दोन्ही डोळे सारखे मिटतात. उन्हात गेलो, गाडी चालवायला बसलो की जास्त. एकदा रस्त्यावर काही क्षण डोळे उघडेचनात, तेव्हापासून गाडी मुलगा चालवतो. गंमत म्हणजे बोलताना किंवा गुणगुणताना कमी होतं, आणि कपाळाच्या कडेला बोट टेकवलं तर उघडतात. ड्रॉप्स दिले आहेत, त्याने थोडाच फरक आहे. हेही थकव्याचंच का?

तिरकस_किरण
काका, नाही. गाडी न चालवण्याचा निर्णय योग्य आहे, तोच ठेवा. दोन्ही डोळे, उजेडात आणि गाडी चालवताना वाढणं, डोळे जबरदस्तीने मिटणं, आणि बोट टेकवल्यावर सुटणं हे सगळं एकत्र आलं की ब्लेफरोस्पाझमचा विचार करावा लागतो. ते बोट टेकवण्याचं तर फार ओळखीचं लक्षण आहे, पण लोक ते डॉक्टरांना सांगत नाहीत, त्यांना वाटतं हसतील. तुम्ही नक्की सांगा. सुरुवातीला कोरड्या डोळ्यांसारखंच वाटतं, आणि कोरडेपणा सोबत असतोही, म्हणून ड्रॉप्सवर बरेच महिने जातात. यावर पापणीभोवती बोटुलिनमची इंजेक्शनं हा मुख्य उपचार आहे. नेत्रोपचारात ते जुनं औषध आहे, अमेरिकेत १९८९ पासून याच कारणासाठी त्याला मान्यता आहे. ज्यांना याचा सराव आहे अशा नेत्रतज्ज्ञांना किंवा न्यूरॉलॉजिस्टना भेटा. झोपेची किंवा मनाच्या आजाराची काही जुनी औषधं घेत असाल तर यादी घेऊन जा, त्यातल्या काहींनीही असं होतं. स्वतःहून बंद मात्र करू नका.

जुनाट_चष्मा
यादी करतो. तुम्ही म्हणता त्यातलं एक औषध मी बरीच वर्षं घेतो. आभार.

मावळतीवारा
ही भुवईची खूण आम्हाला कोणी सांगितली नव्हती. आत्याचा जुना व्हिडिओ शोधून पाहिला. एका ठिकाणी डोळा मिटताना भुवई खरंच वर जाते. एमआरआयबद्दलचं माझं म्हणणं जरा घाईचं होतं, पण तिने वर्ष घालवलं ते आठवतं, म्हणून बोललो.

सायंतारा
व्हिडिओ घेतला. ओठ हलत नाही, भुवई हलत नाही, नुसती खालच्या पापणीची बाहेरची कड थरथरते. तरीही तपासून आले.

आधी नंबर बघितला. माझा चष्मा जुना झाला होता, सिलिंड्रिकल नंबर बदलला आहे, डाव्या डोळ्याचा जास्त. मग डोळ्यात पिवळा रंग टाकून निळ्या उजेडात पाहिलं आणि पापणी न मिटता बसायला सांगितलं. अश्रूंचा थर पाच सेकंदांत तुटतो म्हणाले, दहाच्या वर हवा. पापण्यांच्या कडा पाहिल्या, पापणीचा केस आत वळलाय का ते पाहिलं, बाहुल्या आणि डोळ्यांच्या हालचाली पाहिल्या. शेवटी हसायला, भुवया उंचवायला, डोळे घट्ट मिटायला सांगितलं, तेव्हा तुमचीच आठवण झाली. नसेचं काही वाटत नाही म्हणाले. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले ड्रॉप्स दिवसातून चार वेळा, नवा चष्मा, स्क्रीन जरा खाली. एमआरआयची गरज नाही.

संध्याकाळची कॉफी आणि रात्रीचा चहा बंद केला आहे. पहिले दोन दिवस डोकं जड होतं. आणि हो, त्या गोळीत कॅफीन आहे. पाकिटावर स्पष्ट लिहिलं आहे.

खटपट्या
कोरड्या डोळ्यांनी पापणी फडफडते? मला तर वाटलं कोरड्या डोळ्यांनी फक्त चुरचुरतं.

तिरकस_किरण
डोळ्याच्या पृष्ठभागाला त्रास झाला की पापणी मिटवणारा स्नायू जास्त चाळवला जातो, एवढं नक्की. स्क्रीनकडे बघताना आपली उघडझाप निम्म्याहून कमी होते आणि बऱ्याचदा पापणी पूर्ण मिटतच नाही, त्यामुळे खालचा भाग उघडा राहून कोरडा पडतो. पण सायंताराच्या बाबतीत हेच मुख्य कारण आहे असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. नंबर, कोरडेपणा, झोप, कॉफी, सगळं एकाच वेळी आहे. लालसरपणा घालवणारे ड्रॉप्स मात्र स्वतःहून आणू नका, त्यांचा इथे उपयोग नाही.

रेवा_आई
मुलाला दाखवलं. ॲलर्जीच निघाली, वरच्या पापणीच्या आत खडबडीत झालं आहे म्हणाले. ड्रॉप्स चालू केलेत. ओरडणं बंद केलं आहे.

शांतनगर
वाचतोय. एक प्रश्न: काय दिसलं तर वेळ न घालवता त्याच दिवशी जायचं?

तिरकस_किरण
पापणी अचानक खाली लोंबली, एकाचे दोन दिसू लागले, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसली, चेहऱ्याचा एक भाग लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर डोळ्यांच्या दवाखान्यात नव्हे, थेट तातडीच्या विभागात. डोळा लाल, दुखरा, उजेड सहन होत नाही, दिसणं कमी झालं, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. पापणी सुजून घाण येत असेल तरही. फडफडीमुळे डोळा पूर्ण मिटत असेल किंवा ती गालाकडे पसरत असेल तर त्या आठवड्यात वेळ घ्या. आणि नुसतीच फडफड, बाकी काही नाही, तर सायंतारासारखं.

पापणी हलत नाही पण समोरचं चित्रच बारीक थरथरतंय असं एका डोळ्याने वाटत असेल, तर ते वेगळं आहे. तिथे पापणी नव्हे, डोळा फिरवणारा स्नायू थरथरत असतो. तेही दाखवा.

सायंतारा
नवा चष्मा लागला, पुस्तकाचं हस्तलिखित गेलं. झोप साडेसहा-सात तास होते आहे. फडफड बरीच कमी झाली आहे, पण पूर्ण गेलेली नाही. काल दुपारी पुन्हा दोनदा झाली, त्याआधी चार दिवस काही नव्हती. कशाने कमी झाली ते मला खरंच सांगता येणार नाही, कारण सगळं एकाच पंधरवड्यात बदललं. सकाळचा मग मात्र चालू आहे, तो सोडवत नाही.

तिरकस_किरण
सोडू नका, सकाळचा एक मग ठीक आहे. फडफड अशीच, दोन वेळांमधलं अंतर वाढत वाढतच जाते. ड्रॉप्स अजून महिनाभर चालू ठेवा. तीन महिन्यांनंतरही रोज होत असेल, किंवा मधेच ओठ ओढल्यासारखा वाटला, तर नवा व्हिडिओ घेऊन त्याच डॉक्टरांकडे जा आणि जुना शेजारी ठेवून दाखवा.

जुनाट_चष्मा
न्यूरॉलॉजिस्टची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली आहे. औषधांची यादी केली, मुलाने व्हिडिओही घेतला, बोट टेकवल्यावर डोळे उघडतात तो भाग धरून. काय म्हणतात ते इथे लिहितो.